फुटक्या पार्सलची तक्रार केली, तरी पैसेही नाहीत आणि बदली वस्तूही नाही: मेल नेमका कुठे अडलाय ते शोधा

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन मागवलेली वस्तू फुटकी निघाली, मेल केला, पण पुढे काहीच होत नाही, असं सांगत येणारी माणसं दर आठवड्याला असतात. वस्तू निरनिराळ्या, कंपन्या निरनिराळ्या, पण मेल अडतो तो ठरलेल्या चार-पाच जागीच. म्हणून आधी लक्षणं देतो, मग फुकटात आणि पटकन होणाऱ्या तपासण्यांपासून वरच्या पायऱ्यांपर्यंत जाऊ.

लक्षणं

- मेल पाठवल्यावर मिनिटाभरात 'तुमची तक्रार मिळाली' असं आपोआप उत्तर आलं आणि मग सामसूम.
- फोटो पाठवून झाले, तरी 'कृपया फोटो पाठवा' हेच उत्तर फिरून येतंय.
- 'तुमची तक्रार निकाली काढली आहे' असा मेल आला, हातात मात्र काही नाही.
- 'बाहेरचा बॉक्स धड दिसतो, वाहतुकीत नुकसान झालेलं नाही' किंवा 'कुरियरवाल्यांशी बोला' असं उत्तर.
- 'रिटर्नची मुदत संपली.'
- वस्तूच्या किमतीचा दहावा हिस्साही नसलेलं कूपन देऊ केलंय.

यातली पहिली तीन लक्षणं जवळजवळ नेहमी मेलच्याच दोषामुळे असतात. विक्रेता लबाड असेलच असं नाही. तुमचा मेल पहिल्यांदा वाचणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर ऑर्डर उघडलेली असते आणि भरायला मोजके रकाने असतात: कोणती ऑर्डर, काय बिघडलंय, पुरावा आहे का, ग्राहकाला पैसे हवेत की बदली वस्तू. मेलमधून हे रकाने भरता आले तर तो पुढचं बटण दाबतो. नाही भरता आले, तर तयार उत्तरांपैकी एक पाठवतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. शेवटची तीन लक्षणं वेगळी आहेत, तिथे नकार दिला जातोय. त्यांच्याकडे नंतर येतो.

एक प्रकरण धरून चालू. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकाबाईंनी मोठ्या खरेदीच्या अ‍ॅपवरून बिडाची कढई मागवली. किंमत 2,150 रुपये, पैसे यूपीआयने आधीच भरलेले. पार्सल 3 जुलैला आलं, उघडलं 5 जुलैला. कढईचा एक कान तुटलेला आणि तिथून काठाकडे केसाएवढी बारीक चीर गेलेली. त्यांचा पहिला मेल असा होता:

> विषय: तक्रार
>
> नमस्कार, मी तुमच्याकडून कढई मागवली होती. ती तुटकी निघाली. एवढे पैसे घेऊन असा माल पाठवता का? मुलीला नव्या घरासाठी भेट द्यायची होती, सगळा विरस झाला. पॅकिंग अत्यंत वाईट होतं. तरी कृपया लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी ही विनंती.

यात खोटं काहीच नाही. पण ऑर्डर क्रमांक नाही, फोटो नाही आणि 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे काय ते समोरच्याने ठरवायचं. उत्तर आलं: ऑर्डर क्रमांक व फोटो पाठवा. बाईंनी दुसऱ्या दिवशी नवीन मेल उघडून फोटोंचा ढीग पाठवला. तो वेगळी तक्रार म्हणून नोंदला गेला, आणि पहिली 'ग्राहकाकडून उत्तर नाही' म्हणून बंद झाली. दुसरीवर 9 जुलैला उत्तर आलं: बाहेरील बॉक्स अखंड असल्याने वाहतुकीतील नुकसान मान्य करता येत नाही.

पहिली तपासणी: अ‍ॅपमधलं रिटर्नचं बटण दाबलंय का?

हे फुकट आहे आणि दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून सगळ्यात आधी. ऑर्डरच्या पानावर वस्तू परत करण्याचा किंवा बदलण्याचा पर्याय अजून दिसत असेल, तर मेल नंतर, ते आधी. कारण वस्तू न्यायला माणूस येतो तो बहुतेक ठिकाणी त्या बटणामुळे येतो, मेलमुळे नाही. मेलवरची बोलणी चालू राहतात आणि इकडे बटणाची मुदत दिवसागणिक संपत जाते. मुदत मोजतात ती पार्सल हातात पडल्यापासून, तुम्ही उघडल्यापासून नव्हे.

कारण निवडताना 'फुटलेली किंवा खराब वस्तू मिळाली' हेच निवडा. 'आवडली नाही' किंवा 'आता नको' हे निवडलंत, तर प्रकरण दुसऱ्याच रांगेत जातं. तिथे परतीचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो, आणि नंतर 'तुम्हीच तर नको म्हणालात' हेही ऐकावं लागतं. बाईंच्या अ‍ॅपवर 10 दिवसांची मुदत होती. त्यांनी बटण पाहिलंच नव्हतं, मेलवरच भर दिला होता.

बटण दाबल्यावर जो विनंती क्रमांक मिळतो तो लिहून ठेवा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या.

दुसरी तपासणी: मेल गेलाय कुठे?

ऑर्डर पोचल्याची सूचना ज्या मेलवरून येते, त्यालाच 'रिप्लाय' करून तक्रार लिहिणारे खूप. तो पत्ता `noreply@` असा सुरू होत असेल, तर पलीकडे वाचायला माणूसच नाही. योग्य पत्ता अ‍ॅपच्या मदत विभागात किंवा बिलावर असतो. मोठ्या अ‍ॅपवर वस्तू विकणारा वेगळा आणि अ‍ॅप चालवणारी कंपनी वेगळी असते. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता बिलावर असतो. मेल दोघांनाही एकदमच पाठवावा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. ग्राहक सेवेचा नंबर सर्च करून शोधू नका. शोधात वर येणारे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. रिफंड देतो म्हणून ते क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात, यूपीआय पिन टाकायला सांगतात किंवा फोनची स्क्रीन त्यांना दिसेल असं अ‍ॅप टाकायला लावतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो. कढईचे दोन हजार परत मिळवताना खातं रिकामं झालेली माणसं दुकानात येऊन गेलीत. असं झालं असेल तर हे वाचणं इथेच थांबवा, 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. पार्सलचं नंतर.

तिसरी तपासणी: विषयाची ओळ आणि तक्रार क्रमांक

विषयात 'तक्रार' किंवा 'अर्जंट' लिहून काही साधत नाही, तिथे येणारा प्रत्येक मेल तक्रारच असतो. ऑर्डर क्रमांक, वस्तू, काय झालं आणि काय हवं, एवढं एका ओळीत यायला हवं. पहिल्या उत्तरात तक्रार क्रमांक आला असेल, तर पुढचं सगळं त्याच मेलला उत्तर देऊन पाठवा आणि विषयाची ओळ बदलू नका. बहुतेक यंत्रणा त्या ओळीतल्या क्रमांकावरूनच मेल कुठे जोडायचा ते ठरवतात. नवीन मेल म्हणजे नवीन तक्रार, आणि दोन तक्रारींत तुमचं प्रकरण अर्धं-अर्धं विभागलं जातं. बाईंचं तेच झालं.

चौथी तपासणी: मागणी एकच आहे का?

'पैसे द्या किंवा दुसरी पाठवा, नाहीतर निदान काहीतरी करा' असं लिहिलं, की समोरचा 'काहीतरी' निवडतो आणि कूपन देतो. आधी स्वतः ठरवा. वस्तू हवीच आहे आणि पॅकिंग बरं होतं पण वाटेत आपटली असं दिसतंय, तर बदली मागा. पॅकिंगच कच्चं असेल तर दुसरी वस्तूही तशीच तुटून येण्याची शक्यता मोठी, मग सरळ पूर्ण पैसे मागा. रक्कम आकड्यात लिहा, डिलिव्हरीचे वेगळे पैसे घेतले असतील तर ते धरून. पैसे कुठे परत हवेत तेही लिहा: ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने. वस्तू घेताना रोख दिले असतील, तर खातं मागतील. तो तपशील अ‍ॅपमधल्या रकान्यातच भरा, मेलमध्ये उघडा लिहू नका.

पाचवी तपासणी: फोटो काय सिद्ध करतात?

इथे जरा थांबून सांगतो, कारण नकाराचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. लोक फुटक्या भागाचे दहा कोनांतून दहा फोटो पाठवतात. वस्तू फुटली आहे यावर कुणाचा वाद नसतोच. वाद असतो तो भुर्दंड कुणी सोसायचा यावर: विक्रेत्याने, कुरियरने की तुम्ही. फोटोंमधून या प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं.

त्यासाठी फोटो थोडेच पण ठरावीक लागतात. बंद बॉक्सचा, चिकटवलेलं लेबल आणि त्यावरचा कुरियर क्रमांक वाचता येईल असा. बॉक्सच्या कोपऱ्यांचा आणि तळाचा, धड असले तरीही. बॉक्स उघडल्यावर आत वस्तू कशी ठेवली होती आणि भोवती काय भरलं होतं, त्याचा. फुटक्या भागाचा एक जवळून, आणि एक असा की ज्यात फुटका भाग आणि अख्खी वस्तू एकत्र दिसतात. शेवटी बिल. बॉक्स आधीच उघडला असेल, तर आहे तसे कोपरे आणि लेबल टिपा. बॉक्स, फुगे, थर्माकोल, टेप यांतलं काहीही रद्दीत घालू नका. न्यायला येणारा माणूस दारातच तपासतो आणि मूळ पॅकिंग नसेल तर बरेचदा हात हलवत परत जातो.

कढईकडे येऊ. विक्रेत्याचा मुद्दा होता की बाहेरचा बॉक्स धड आहे. बाईंच्या घरी जाऊन पाहिलं तर बॉक्स खरंच धड होता. एकेरी पुठ्ठा, आत हवेचे दोन फुगे, आणि तीनेक किलोची कढई त्यात इकडून तिकडे सरकत होती. पुठ्ठा दाबला तर दबतो आणि पुन्हा वर येतो. बीड मात्र वाकत नाही, सरळ तडकतं. बॉक्स एका बाजूवर आपटला की कढई आत घरंगळते आणि कानावर सगळा भार येतो. म्हणजे धड बॉक्स आणि तुटका कान यांत विसंगती काहीच नाही. उलट आतली मोकळी जागा हाच पॅकिंग अपुरं असल्याचा पुरावा, आणि पॅकिंग विक्रेत्याचं. बाईंकडे फुटक्या कानाचे ढीगभर फोटो होते, आतल्या मोकळ्या जागेचा एकही नव्हता. सुदैवाने पॅकिंग माळ्यावर जपून ठेवलेलं होतं.

'तुम्ही वापरून मग तोडली असेल' हा आरोपही बिडाच्या बाबतीत बराचसा खोडता येतो. बीड ताजं तुटलं की आतली बाजू करडी आणि बारीक दाणेदार दिसते. तेच वापरलेल्या कढईतल्या जुन्या चिरेत तेल आणि काजळी शिरून ती काळी पडते. चीर आतून काळी असेल आणि तुम्ही कढई चुलीवर ठेवलीच नसेल, तर ती तेल देऊन भाजण्याच्या आधीपासूनची, म्हणजे कारखान्यातलीच. चीर करडी असेल, तर कढई वापरलेली नाही हे दिसतं. मात्र पावसाळी हवेत उघड्या बिडावर एक-दोन दिवसांत गंज चढायला लागतो आणि हा फरक पुसट होतो. म्हणून फोटो त्याच दिवशी, दिवसाच्या उजेडात काढा. कढई धुऊ नका, तेल लावू नका. धुतलेली वस्तू 'वापरलेली' ठरवायला वेळ लागत नाही.

आणखी एक सोपी खूण. धड कानाने कढई उचलून धरा आणि लाकडी चमच्याने हलकेच ठोका. अखंड बीड घणघणतं, चिरलेलं बद्द आवाज करतं. दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण केसाएवढी चीर फोटोत कधीकधी दिसतच नाही. काचेचं भांडं असेल तर हे ठोकणं विसरा.

फोटो पाठवतानाच्या दोन अडचणी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेला फोटो दाबला जातो आणि चिरेसारखं बारीक काही उरत नाही, म्हणून फोनमधला मूळ फोटो जोडा. आणि जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा 25 एमबी आहे. त्याहून जड झालं की जीमेल फाइलऐवजी ड्राइव्हची लिंक घालतं. त्या लिंकला परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला काहीच दिसत नाही. 'फोटो पाठवा, फोटो पाठवा' या फेऱ्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. आयफोनचा फोटो बरेचदा एचईआयसी प्रकारात साठतो आणि तो सगळीकडे उघडत नाही, तसं असेल तर जेपीजी करून पाठवावा. पाच-सहा फोटो पुरेत, त्यांना '1 लेबल', '2 आतील पॅकिंग' अशी नावं द्या.

सहावी तपासणी: मेल पुन्हा लिहिणे

वरचं सगळं जमलं की मेल छोटा होतो. 10 जुलैला बाईंनी आधी अ‍ॅपवर बटण दाबलं, मग दुसऱ्या तक्रारीच्या मेललाच उत्तर म्हणून हे पाठवलं. वरची विषयाची ओळ जशी होती तशीच ठेवली. पहिल्यांदाच मेल करत असाल, तर विषयात असं लिहा: 'ऑर्डर क्रमांक अमुक, बिडाची कढई तुटकी मिळाली, 2,150 रुपये परत हवेत'.

> महोदय,
>
> ऑर्डर क्रमांक व बिल क्रमांक वर दिला आहे. बिडाची कढई, 2,150 रुपये, यूपीआयने भरले. पार्सल 3 जुलै रोजी मिळाले, 5 जुलै रोजी उघडले. कढईचा एक कान तुटलेला आहे व तेथून काठापर्यंत चीर आहे. कढई वापरलेली किंवा धुतलेली नाही. मूळ पॅकिंग माझ्याकडे आहे.
>
> आपण 9 जुलैच्या उत्तरात बाहेरील बॉक्स अखंड असल्याचे म्हटले आहे. तो अखंड आहे. मात्र फोटो क्रमांक 2 मध्ये दिसते की आत दोनच हवेचे फुगे होते व कढई मोकळी सरकत होती. फोटो क्रमांक 4 मध्ये तुटलेला भाग करडा व ताजा दिसतो. नुकसान अपुऱ्या पॅकिंगमुळे झाले आहे.
>
> मला पूर्ण 2,150 रुपये मूळ यूपीआय खात्यात परत हवेत. बदली वस्तू किंवा कूपन नको. परतीची विनंती अ‍ॅपवर आज नोंदवली आहे, तिचा क्रमांक खाली दिला आहे. वस्तू कोणत्याही दिवशी सकाळी 11 पर्यंत नेता येईल.
>
> ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 च्या नियम 6(3) नुसार सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. 17 जुलैपर्यंत उत्तर न मिळाल्यास तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाईन.

नियमाचा उल्लेख एकदाच, शेवटी. पहिल्याच वाक्यात कायदा आला की मेल वेगळ्या विभागाकडे ढकलला जातो आणि आठवडा जातो, असा माझा अनुभव. 'कोर्टात खेचेन', 'सोशल मीडियावर टाकेन' हे तर काढूनच टाका. मुलीची भेटही काढली. त्या दुःखाला कुठलाही रकाना नाही. विक्रेता महाराष्ट्राबाहेरचा असेल तर हाच मजकूर इतक्याच छोट्या वाक्यांत इंग्रजी किंवा हिंदीतून पाठवा. कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ असेल आणि माल त्यांचाच असेल, तर लागू होतो नियम 7, त्यातही हीच तरतूद आहे.

बाईंची कढई त्याच आठवड्यात नेली आणि पैसे खात्यात आले. पुढच्या पायऱ्यांची गरज पडली नाही. बहुतेकांना पडत नाही.

नकार आला तर

'कुरियरवाल्यांशी बोला.' तुम्ही पैसे विक्रेत्याला दिलेत, कुरियर त्याने नेमला. त्यांच्यातला हिशेब त्यांनी करावा. एवढं एका वाक्यात लिहा आणि मागणी पुन्हा मांडा. कुरियरच्या कार्यालयात खेटे घालू नका.

'अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही म्हणून दावा नाही.' छोटे विक्रेते ही अट सर्रास टाकतात. व्हिडिओ असेल तर उत्तमच, महागडी वस्तू उघडताना काढतच जा. पण 2020 च्या नियमांत अशी अट नाही. फोटो, तारखा आणि जपून ठेवलेलं पॅकिंग हाही पुरावाच आहे.

'मुदत संपली.' इथे मी कुणाला खोटी आशा दाखवत नाही. पहिला मेल मुदतीत गेला असेल तर त्याची तारीख दाखवा, बाजू भक्कम आहे. मुदतीनंतर पहिल्यांदा कळवलं असेल तर बाजू कमजोर, आणि जितके दिवस जास्त तितकी अजून कमजोर. मात्र बिलावर मुदत लिहिलेलीच नसेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घेण्यासाठी 30 दिवस धरलेत. बिल नीट वाचा.

कूपन नको असेल तर ते 'स्वीकारा'चं बटण चुकूनही दाबू नका. दाबलं की प्रकरण मिटलं असं नोंदलं जातं.

तिसऱ्या मेलनंतर मेल थांबवा

त्याच पत्त्यावर चौथा, पाचवा मेल करून काही हलत नाही. ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, हुद्दा, संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडेल. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं, असा नियम आहे. त्याला पाठवताना आधीचे मेल खाली जोडून ठेवा आणि वर पाच ओळींत हकिगत लिहा.

तिथेही काही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीतून बोलता येतं. `consumerhelpline.gov.in` वर नोंदही करता येते. हे न्यायालय नाही, ते आदेश देऊ शकत नाहीत. तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागवतात. पण हेल्पलाइनवरून आलेली तक्रार कंपनीत सहसा वेगळ्या टेबलावर पोचते, आणि अडलेली लहान रकमेची प्रकरणं बरीचशी इथे सुटतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. `e-jagriti.gov.in` वर घरबसल्या अर्ज करता येतो आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो, विक्रेता दिल्लीचा असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वाद उद्भवल्यापासून 2 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वकील सक्तीचा नाही. पण 2,000 रुपयांच्या वस्तूसाठी तारखा सांभाळायची तयारी आहे का, हे मनाशी आधी ठरवा. मी लोकांना 1915 पर्यंत जाच म्हणतो, आयोगाबद्दल मात्र ज्याचं त्याने ठरवावं.

इथे स्वतः करणं थांबवा

फुटलेल्या वस्तूने कुणाला इजा झाली असेल, काच लागली, शॉक बसला, भाजलं, तर रिफंडचा मेल पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. पूर्ण पैसे घेऊन प्रकरण मिटल्याचं लिहून दिलंत तर नुकसानभरपाई मागताना ते आडवं येऊ शकतं. वस्तू परत देण्याआधीही विचारा, कारण तीच मुख्य पुरावा असते.

बॅटरीची वस्तू चेपलेली किंवा फुगलेली आली असेल तर चार्जिंगला लावू नका आणि स्वतः कुरियरने परत पाठवू नका. घराबाहेर मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि कंपनीला ती कशी न्यायची ते लेखी विचारा.

टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप अशी मोठी रक्कम असेल आणि निवारण अधिकाऱ्याने लेखी नकार दिला असेल, तर नोटीस वकिलाकडूनच जाऊ द्या. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडेही मार्गदर्शन मिळतं, तिथे आधी कागद दाखवता येतील. खरेदी हॉटेल किंवा दुकानाच्या धंद्यासाठी असेल, तर तुम्ही कायद्याने 'ग्राहक' ठरता की नाही हाच पहिला प्रश्न येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेल्या व्यवसायाला सवलत आहे, पण ती रेषा ओळखणं माझ्या दुकानातलं काम नाही. आणि समोरून वकिलाची नोटीस आली असेल, तर तिला मेलने उत्तर देऊ नका. ती तशीच घेऊन वकिलाकडे जा.